रेघ कुठे तुटावी

सोसायटीचे अध्यक्ष जन्मभर शिंपीकाम केलेले गृहस्थ. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. मीटिंगलासुद्धा ते ती घालूनच येत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस मनानं चांगला, पण त्यांची नजर भारी छळवादी. शंभर टाक्यांत एक सुटलेला असला की तोच त्यांना आधी दिसे, आणि तो दिसला की उरलेले नव्व्याण्णव दिसायचे बंद होत.

त्यामुळे गच्चीवरच्या सोलरचं ड्रॉइंग सोसायटीच्या ऑफिसात, पंपाच्या घरघरीत, टेबलावर उलगडलं गेलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं.

"ताई," मास्तर म्हणाले, "इथं रेघ तुटलीय."

ताई म्हणजे सोलर बसवणाऱ्या कंपनीतली ड्रॉइंगवाली. तिनं मान वाकवून पाहिलं. रेघ तुटलेलीच होती. तिनंच तोडली होती.

"आणि इथं. आणि ही तिसरी, खाली." मास्तरांचं बोट कागदावरून सरकत गेलं. "तीन ठिकाणी टाका सुटलाय. एवढं मोठं काम आणि फिनिशिंग असं?"

ड्रॉइंगवालीनं घसा साफ केला. हे ती शंभरदा समजावून चुकली होती, पण शिंप्याला पहिल्यांदाच समजावत होती. "मास्तर, याला सिंगल लाइन डायग्राम म्हणतात. हे वर पॅनेल. त्यांची वीज या पेटीत येते, हिच्यात फ्यूज आहेत, विजेचा लोळ आला तर तो जमिनीत सोडणारं यंत्र आहे, आणि एक स्विच. मग हा इन्व्हर्टर, तो पॅनेलची वीज घरातल्यासारखी करतो. मग दुसरी पेटी, तिच्यात ब्रेकर. मग किती वीज तयार झाली ते मोजणारा मीटर. मग खाली भिंतीवर हा कुलूप लावता येणारा स्विच, मग तुमचं मेन पॅनेल, आणि शेवटी नेट मीटर. तो घेतलेली आणि दिलेली, दोन्ही मोजतो. पलीकडे वीज कंपनीची लाइन. जिथं जिथं स्विच असतो तिथं रेघ तुटलेली दाखवायची, अशी पद्धत आहे."

"म्हणजे स्विच बंद दाखवलाय?"

"उघडा दाखवलाय."

"मग वीज जाणार कशी?"

"वीज कागदावरून जात नाही, मास्तर."

हे म्हणायला नको होतं. मास्तरांनी चष्म्यावरून असं पाहिलं की जणू तिनं कापड उलट्या बाजूनं कापलं होतं. शेजारी बसलेल्या सेक्रेटरीबाईंनी संधी साधली. त्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. हातात शिक्का असला की त्यांना सगळं जग वर्गात बसलेलं दिसे.

"आपलं कनेक्शन तीन फेजचं आहे ना? मग ही एकच रेघ का? उरलेल्या दोन कुठं गेल्या?"

"एकाच रेघेत सगळ्या धरतात, बाई. म्हणून तर सिंगल लाइन. त्या रेघेवर या तीन तिरक्या खुणा केल्यात, बघा."

"आणि ही रेघ खाली जाते, बारीक बारीक होते आणि संपते. ही कुणाकडे जाते?"

"ते अर्थिंग. जमिनीत जातं."

"आपली वीज जमिनीत?" सेक्रेटरीबाईंनी शिक्का मागे घेतला. "मातीला कशाला हवी वीज?"

ड्रॉइंगवालीनं सांगायचं तेवढं सांगितलं. घराच्या नकाशात दार उघडंच काढतात की नाही, असंही म्हणून पाहिलं. त्यावर मास्तर म्हणाले की म्हणूनच या बिल्डिंगीत डास येतात. शेवटी "तुम्ही ठेवून जा, आम्ही बघून घेतो," असं ठरलं, आणि ती पिशवी उचलून निघाली.

जाता जाता ती मीटरच्या खोलीबाहेरच्या भिंतीपाशी थांबली. इथं तो तिसरा स्विच बसणार होता, छातीच्या उंचीवर, लाल दांड्याचा. रस्त्यापलीकडे खांब होता. त्या खांबावर तिचा नवरा चढायचा.

तो वीज कंपनीत लाइनमन होता आणि हाच भाग त्याच्याकडे होता. चढण्याआधी लाइन बंद करून घ्यायची, तपासायची, तारेला अर्थिंग लावायचं, हे सगळं तो नीट करायचा. पण आता गावभर गच्च्यांवर पॅनेल आली होती, म्हणजे वीज दुसऱ्या टोकाकडूनही येऊ शकत होती. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, पडायलाच हवा, त्याची रचनाच तशी असते. पण 'पडायलाच हवा' या शब्दांवर नवरा टांगायची तिची तयारी नव्हती. म्हणून खाली तो स्विच. दांडा ओढायचा, कुलूप घालायचं, किल्ली खिशात. डोळ्यांना दिसावी अशी फट. ती फट काढताना दर वेळी तिला वाटायचं की आपण या फटीतच नवऱ्याला उभा करतोय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि या सोसायटीत तर मुळीच नाही. मागे जिन्यात बाकडं ठेवायचा ठराव इथं फेटाळला गेला होता, का, तर मांडणाऱ्या काकांचे स्वतःचे गुडघे दुखत होते. "यात त्यांचा वैयक्तिक फायदा आहे," असं सेक्रेटरीबाईंनी इतिवृत्तात लिहिलं होतं. तिच्या कंपनीच्या मालकानंच हा किस्सा तिला सांगितला होता आणि वर बजावलं होतं, "नवरा लाइनमन आहे हे तिथं बोलू नकोस. स्विचवर काट मारतील."

काट नाही मारली त्यांनी. उलटं केलं.

महिन्याभरात पॅनेल चढली, पेट्या बसल्या, लाल दांडा भिंतीवर आला. आणि वीज कंपनीचे इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. साहेब अतिशय सरळमार्गी. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. स्वतःचा थर्मास आणत आणि झाकणात ओतून उभ्या उभ्या पीत. त्यांनी मंजूर ड्रॉइंग उघडलं आणि पेन्सिल काढली. ड्रॉइंगवाली त्यांच्या खांद्यामागून डोकावली.

तिन्ही फटी भरलेल्या होत्या. काळ्या शाईनं, पट्टी लावून, इतक्या बेमालूम की रफू केलंय हे कळूही नये. बाजूला सेक्रेटरीबाईंचा गोल शिक्का. वीज कंपनीच्या टेबलानं रेघ पाहिली नव्हती, शिक्का पाहिला होता, आणि त्यावर आपला शिक्का मारला होता.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

"मी," मास्तर अभिमानानं म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्हीच केलं असतं, पण म्हटलं पोरीला कशाला त्रास."

साहेब गच्चीपासून सुरुवात करून खाली आले. पॅनेल, बरोबर. इन्व्हर्टर, बरोबर. मीटर, बरोबर. मग ते लाल दांड्यासमोर उभे राहिले.

"ही वस्तू ड्रॉइंगात नाही."

"साहेब, होती. यांनी भरून काढली."

"मंजूर ड्रॉइंगात रेघ सलग आहे. जागेवर पेटी आहे. जुळत नाही." साहेबांनी झाकणातला चहा संपवला. "बाकीचे दोन स्विच पेट्यांच्या आत आहेत, ते मी पेट्यांमध्ये धरतो. पण ही भिंतीवर आहे आणि लाल आहे. मला ती न दिसणं शक्य नाही."

"मग काढून टाकू?"

"काढली तर नियमाप्रमाणे हवा असलेला स्विच नाही म्हणून मी नापास करणार."

"आणि ठेवली तर?"

"ड्रॉइंगप्रमाणे नाही म्हणून नापास करणार."

"साहेब, हवी की नको?"

"हवीच! नसेल तर माणूस मरेल," साहेब कळवळून म्हणाले. ते खरोखर कळवळले होते. "पण मंजूर म्हणजे मंजूर. सोसायटीनं सर्वसाधारण सभा घ्यावी, रेघ तोडण्याचा ठराव करावा. मी पुढच्या आठवड्यात येतो."

ते गेल्यावर मालकानं तिला गाडीजवळ घेतलं. मालक वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मला होता.

"सभा-बिभा राहू दे. हे लोक पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वर्षभर भांडले होते. आपण ती पेटी काढू, तार सरळ जोडू. साहेबाला आधी गळ घालतो, की एवढं चालवून घ्या. पास झालं की परत बसवू."

"केव्हा?"

"नंतर."

त्यांच्या ऑफिसात 'नंतर' नावाचं एक कपाट होतं म्हणा ना. त्यात गेलेलं काहीच बाहेर आलं नव्हतं. तिला संताप आला. एक शिंपी, एक मुख्याध्यापिका, एक सज्जन साहेब आणि एक घाईतला माणूस, चौघंही चांगले, चौघं मिळून तिच्या नवऱ्याच्या पायाखालची शिडी प्रेमानं पुसून काढत होते.

"पेटीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "सभा घ्यायची. मी उभी राहते."

सभा बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये भरली. विषय एकच: 'रेघ तोडणे.' सेक्रेटरीबाईंनी तो खडूनं खांबावर लिहिला होता.

पहिला अर्धा वेळ रेघ कुणाच्या बाजूनं तोडायची यात गेला. कागदावर फटीच्या वर पॅनेल होती आणि खाली मेन पॅनेल, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं की आपण वीजवाले आणि खालचे बिनविजेचे. ते लगेच ठरावाच्या बाजूनं झाले. तळमजल्यावाले उठून उभे राहिले. "फट पडली तर आमच्याकडे काय, वारा येणार?" कुणीतरी मधला मार्ग सुचवला की रेघ अर्धीच तोडावी. दुसऱ्यानं सुचवलं की तोडावी पण फक्त रविवारी. ज्या काकांच्या गुडघ्यांमुळे बाकडं गेलं होतं त्यांनी विचारलं की या फटीपाशी बसायला काही सोय होईल का. सेक्रेटरीबाई सगळं लिहून घेत होत्या.

शेवटी मास्तर उठले. ते बोलू लागले तेव्हा सगळे गप्प झाले, कारण ते चिडले नव्हते, दुखावले होते.

"मी आयुष्यात शिवलेलं उसवलं नाही असं नाही," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकानं अंगात घालून दाखवलं, इथं काचतंय म्हणालं, तरच उसवलं. या ताई म्हणतात, पद्धत आहे. पद्धत म्हणजे काय? कुणाला काचतंय ते दाखवा. मी आत्ता उसवतो."

ड्रॉइंगवालीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. माझ्या नवऱ्याला काचतंय, मास्तर. समोर सेक्रेटरीबाईंचं पेन कागदाला टेकून तयार होतं. तिनं उत्तर गिळलं.

"मास्तर, तुमचं मशीन पायाचं होतं की मोटरचं?"

"आधी पायाचं. मग मोटरचं."

"मोटरच्या मशीनची सुई बदलताना काय करायचात?"

"बटण बंद करायचो."

"बस? एवढंच?"

मास्तरांनी टेप चाचपली. "नाही. बटण बंद करून एकदा सुई बदलत होतो आणि आमच्या हिनं अंधार वाटला म्हणून दिवा समजून तेच बटण दाबलं. पाय पेडलवर होताच. सुई बोटातून आरपार." त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. नखावर अजून वण होता. "त्यानंतर मी प्लगच काढायचो."

"आणि काढून कुठं ठेवायचात?"

"मांडीवर."

"मांडीवर का? जमिनीवर का नाही?"

"कुणी लावला तर?" मास्तर जवळजवळ ओरडले. "मांडीवर असला की दिसतो. बटणाचं काय, बंद आहे म्हणे! कोण म्हणे? डोळ्यासमोर तार सुटलेली दिसली की मग बोट घालायचं सुईखाली."

ड्रॉइंगवालीनं कागद त्यांच्यापुढे धरला आणि खालच्या फटीच्या जागी बोट ठेवलं.

"मास्तर, ही मांडी आहे. समोरच्या खांबावर माणूस चढतो, त्याच्या हाताखाली ही सुई. इन्व्हर्टर बंद होतो आपोआप, ते झालं बटण. हे झालं प्लग काढणं. तुम्ही भरून टाकलं."

मास्तरांनी कागद घेतला. बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला तसा तिलाच वाईट वाटू लागलं.

"म्हणजे मी," ते म्हणाले, "कुणाच्या तरी हाताखाली मशीन चालू करून ठेवलं."

ठराव एकमतानं पास झाला. म्हणजे तळमजल्यावरच्यांनी 'फटीतून वारा आल्यास सोसायटी जबाबदार' एवढं वाक्य घालून घेतलं, पण पास झाला.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. त्यांनी ठराव वाचला, वाऱ्याचं वाक्य दोनदा वाचलं, आणि मंजूर ड्रॉइंग दुरुस्तीसाठी टेबलावर ठेवलं. नवा कागद चालणार नव्हता. त्यावर शिक्के नव्हते. याच कागदावर रेघ तुटायला हवी होती. ड्रॉइंगवालीनं खोडरबर काढला. मास्तरांनी तो बाजूला सारला आणि खिशातून ब्लेड काढलं. शाई पक्की होती. ते एक डोळा मिटून खरवडत राहिले, आणि खरवडता खरवडता जे व्हायचं तेच पुन्हा झालं. कागद फाटला. तीन ठिकाणी, रेघेच्या रुंदीची, तीन नेटकी भोकं.

साहेबांनी कागद उचलून उजेडाकडे धरला. भोकांतून ऊन त्यांच्या शर्टावर पडलं. त्यांनी एका डोळ्यानं खालच्या भोकातून भिंतीवरच्या लाल दांड्याकडे पाहिलं.

"इथं खंड आहे," ते म्हणाले. "जागेवरही खंड आहे. जुळतं." आणि त्यांनी भोकाशेजारी सही केली.

मग चाचणी झाली. गच्चीवर कडक ऊन होतं, इन्व्हर्टर गुणगुणत होता. साहेबांनी वीज कंपनीकडची बाजू बंद केली, आणि इन्व्हर्टर लगेच गप्प झाला. व्हायला हवा तसाच. लिफ्टही थांबली. सेक्रेटरीबाई नेमक्या तिच्या दारात उभ्या होत्या.

"वर एवढं ऊन आहे आणि लिफ्ट बंद?"

"बाई, बाहेरची लाइन गेली की सोलर पण थांबतं. बॅटरी नाही आपल्याकडे. आणि ते थांबलंच पाहिजे, नाहीतर आपली वीज बंद लाइनमध्ये शिरेल."

"म्हणजे लाइट गेले की आपल्याला उपयोग नाही?"

"नाही."

"मग हे ड्रॉइंगात का नव्हतं?" असं म्हणून त्या जिना चढायला लागल्या.

त्यानंतर काही दिवसांनी ड्रॉइंगवाली त्या सोसायटीत गेली, मीटरचं पहिलं वाचन घ्यायला. रस्त्यावर कंपनीची गाडी उभी होती, खांबाला शिडी लावलेली होती आणि लाइट गेलेले होते. वर तिचा नवरा होता. कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळी टोपी, तोंडात पाना धरलेला. तिला पाहून त्यानं भुवई उडवली. ती हसली नाही. तो वर असताना तिला कधी हसता येत नसे.

ती पार्किंगमधून मीटरच्या खोलीकडे वळली आणि थबकली. लाल दांडा खाली ओढलेला होता, त्याला कुलूप होतं. त्याच्यासमोर लोखंडी खुर्ची टाकून मास्तर बसले होते. गळ्यात टेप, हात मांडीवर. पुढ्यात सेक्रेटरीबाई आणि चार माणसं उभी होती.

"मला तिसऱ्या मजल्यावर जायचंय, मास्तर. दांडा वर केला की लिफ्ट चालू होईल."

"होणार नाही. आणि झाली असती तरी करू दिला नसता."

"कुलूप तर आहेच! तुम्ही कशाला बसलाय?"

"कुलूप म्हणजे बटण," मास्तर म्हणाले. "कुणीतरी नजर ठेवायला हवी. वर माणूस आहे."

बाई पाय आपटत जिन्याकडे गेल्या. बाकीचेही पांगले. ड्रॉइंगवाली पुढे झाली, तेव्हा मास्तरांनी तिच्यापुढेही हात आडवा केला.

"ताई, तुम्ही काढलेली असेल फट, पण आत्ता इकडे नाही. वाचन नंतर घ्या. तो सकाळी आला, मला किल्ली दाखवली, खिशात घातली आणि वर चढला. पोरगा तरुण आहे. कुणाचा तरी कुणीतरी असेल."

इतके दिवस गिळलेलं उत्तर आता आपसूक वर आलं. लिहून घ्यायला जवळ कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिला पर्वा नव्हती.

"माझा आहे, मास्तर," ती म्हणाली. "नवरा आहे माझा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं. सभेत ती का अडखळली होती हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा हात नकळत त्या वण पडलेल्या बोटाकडे गेला. त्यांनी उठून खुर्ची उचलली, अगदी पेटीला टेकेल इतकी जवळ नेली, आणि लाल दांड्याला पाठ लावून पुन्हा बसले.